पाडव्याला पाठवायचा एक फोटो

मी साताऱ्यात लग्नाचे फोटो काढते. दिवाळीच्या पाडव्याला मी आधीच्या वर्षांतल्या जोडप्यांना शुभेच्छा पाठवते आणि प्रत्येक शुभेच्छेबरोबर त्यांच्याच लग्नातला एक फोटो असतो. अट एवढीच की तो त्यांच्या अल्बममध्ये नसावा. खाली दोन-चार ओळी, त्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर जे घडलं त्याबद्दलच्या. पणत्यांचं चित्र, सोनेरी अक्षरं, स्टुडिओचा लोगो, पुढच्या समारंभासाठी सवलत, यातलं काहीच नाही. दिसायला काम थोडं वाटतं, पण दसऱ्याला कॅमेऱ्याची पूजा झाली की मी त्याला बसते आणि पाडव्यापर्यंत उठत नाही. यंदा, म्हणजे २०२५ साली, दसरा २ ऑक्टोबरला होता आणि पाडवा २२ ला. त्या मधल्या दिवसांत मी काय करते ते सविस्तर सांगते, कारण आमच्या धंद्यातली बरीच मुलं विचारतात आणि दोन वाक्यांत सांगून त्यांचं समाधान होत नाही.

पाडवाच का, हे आधी सांगते. लक्ष्मीपूजनाला सगळ्यांचे फोन शुभेच्छांनी इतके भरतात की आलेलं कोणी उघडून पाहत नाही. पाडवा मात्र नवरा-बायकोचा दिवस. बायको ओवाळते, नवरा ओवाळणी घालतो, आणि लग्नानंतरची पहिली दिवाळी असेल तर दिवाळसणाला जावई सासुरवाडीला आलेला असतो. मुलीचे आईवडील, भाऊ, आजी, सगळे एका घरात असतात. लग्नाचा फोटो बघायला याहून बरी वेळ वर्षात दुसरी नाही. शिवाय आषाढी ते कार्तिकी एकादशी आमच्याकडे लग्नं जवळजवळ नसतात. कोणी काढीव मुहूर्तावर लग्न केलं तर तेवढंच. तुळशीचं लग्न लागलं की पुन्हा श्वास घ्यायला फुरसत नसते. म्हणजे जुन्या लग्नांकडे शांतपणे बघायला अश्विन महिनाच काय तो मिळतो.

पहिली उघडते ती वही. हार्ड डिस्क नंतर. लग्नाहून घरी आले की कार्डातले फोटो कॉम्प्युटरवर उतरायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात मी त्या लग्नाचं एक पान लिहिते. कोणाचं काय नातं, कोण कोणाला काय म्हणालं, काय राहिलं, काय अनपेक्षित झालं. हे त्याच रात्री लिहावं लागतं, कारण हंगामात दुसऱ्या दिवशी दुसरं कार्यालय, दुसरी नवरी आणि तीच सनई. आठवड्यानंतर मला कानपिळी कुठल्या लग्नातली आणि विहीण पंगतीतली नावं कुठल्या लग्नातली, हे खात्रीनं सांगता येत नाही. फोटोत चेहरा राहतो, पण तो माणूस तेव्हा का हसला हे फोटोत राहत नाही. एका पानावर मी लिहून ठेवलं होतं, 'कन्यादान होईपर्यंत नवरीच्या आईला उपास. ते झाल्यावर आत्यानं कोपऱ्यात नेऊन लाडू भरवला.' फोटोत फक्त दोन बायका भिंतीकडे तोंड करून उभ्या आहेत. पान नसतं तर तो फोटो मी स्वतःच ओलांडून पुढे गेले असते.

वहीत दोन-तीन गोष्टींवर खूण करून मग डिस्क जोडते. मी प्रत्येक लग्नाचे फोटो दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवते आणि त्यातली एक स्टुडिओत नसते, घरी असते. वर्षभर कपाटात पडलेली डिस्क चालेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. तिला दर वर्षी एकदा तरी वीज मिळायला हवी आणि आतलं खरोखर उघडून बघायला हवं. नुसती फोल्डरची नावं दिसली म्हणजे फोटो शाबूत आहेत असं होत नाही. मी प्रत्येक फोल्डरमधले सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे काही फोटो पूर्ण उघडते. फोटोचा वरचा भाग नीट आणि खालची पट्टी राखाडी दिसली, तर ती फाइल अर्धवट बिघडली आहे असं समजायचं आणि लगेच दुसऱ्या डिस्कवरची प्रत काढायची. डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला तर तिच्यावर काही लिहायचं नाही, चाचण्या करत बसायचं नाही. ती बाजूला ठेवायची, उरलेल्या प्रतीवरून आधी नवीन प्रत करायची आणि मग पुढचं बोलायचं. शुभेच्छांच्या निमित्तानं ही तपासणी आपोआप होते. खरं सांगायचं तर हाच या कामाचा मोठा फायदा आहे, कारण पाच-सात वर्षांनी एखादं जोडपं 'आमचा पेन ड्राइव्ह हरवला हो' म्हणत आलं, तर माझ्याकडे द्यायला काहीतरी असतं.

आता फोटो निवडणं. एका लग्नात आम्ही हजारोंनी फोटो काढतो आणि अल्बमला त्यातले दोनशे-तीनशे लागतात. ते निवडताना घरचे एकच गोष्ट बघतात, कोणी राहिलं तर नाही ना. स्टेजवर आलेला प्रत्येक मामा, काका, साहेब, शेजारी अल्बमात दिसला पाहिजे, नाहीतर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. हे बरोबरच आहे. अल्बम म्हणजे त्या दिवशी कोण आलं होतं याची नोंद असते आणि पन्नास वर्षांनी तीच नोंद मोलाची ठरते. पण त्यामुळे दोन विधींच्या मधले फोटो मागे राहतात. सीमांतपूजनानंतर पायातले जोडे शोधणारा नवरदेव, मुंडावळ्या बांधताना नवरीच्या कपाळावरचा केस बाजूला करणारी बहीण, रुखवताच्या टेबलाखाली झोपलेलं पोर. माझी शुभेच्छा या मागे राहिलेल्या फोटोंतून येते.

निवडताना मी फोटो मोठ्या पडद्यावर बघत नाही, फोनवर टाकून बघते. तो फोनवरच उघडला जाणार आहे. मोठ्या पडद्यावर सुंदर दिसणारा अख्ख्या मांडवाचा फोटो फोनवर मुंग्यांची रांग होतो. उभा कापता येईल आणि एक-दोन चेहरे ओळखू येतील, असाच फोटो चालतो. मग मी तो त्या घरातल्या सगळ्यांच्या नजरेनं बघते. दिवाळसणाला तो फोन सासऱ्यांच्या हातात जाणार, नणंदेच्या हातात जाणार. पाठवणीच्या वेळी हुंदके देणाऱ्या नवरीचा फोटो कितीही चांगला आला असला तरी मी सणाला पाठवत नाही. घास तोंडात असलेला, पदर सरकलेला, कोणाचा तरी वाद चालू असलेला, हेही नाही. फोटोतल्या एकालाही तो बघून अवघडल्यासारखं होणार असेल तर तो फोटो बाद.

यंदाचं एक उदाहरण पूर्ण सांगते. लग्न मे २०२१ मधलं. कोरोनामुळे सरकारनं काढलेल्या एप्रिलच्या आदेशाप्रमाणे तेव्हा लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास एवढीच परवानगी होती, आणि एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जायलाही बंदी होती. कार्यालयाच्या मोठ्या हॉलमध्ये खुर्च्या लांब लांब मांडलेल्या, सगळ्यांच्या तोंडाला मास्क. अंतरपाट धरला की नवरीच्या मागे मामा उभा राहतो. तिचा सख्खा मामा पुण्यात अडकला होता. दुसऱ्या कोणाला उभं करायला नवरी तयार होईना, तेव्हा मावसभावानं व्हिडिओ कॉल लावला आणि फोन हातात धरून तो तिच्या खांद्यामागे उभा राहिला. पुण्यात मामा घरच्या घरी फेटा बांधून, मुठीत अक्षता घेऊन उभे होते.

वहीतल्या त्या पानावर लिहिलं होतं, 'शेवटच्या मंगलाष्टकाआधी रेंज गेली. भटजींनी बघितलं आणि सूर लांबवला. फोन परत लागला तेव्हाच अक्षता.' घड्याळात मुहूर्ताला अजून थोडा वेळ होता, म्हणून त्यांना ते करता आलं.

डिस्कवर त्या क्षणाचे एकापाठोपाठ काढलेले बरेच फोटो निघाले. फोनचा पडदा कॅमेऱ्यात पकडणं तसं अवघड असतं. हॉलमधल्या उजेडाला धरून फोटो काढला तर पडदा पांढराफट येतो आणि पडद्याला धरून काढला तर नवरी काळोखात जाते. मी त्या वेळी थोडा अंधारा फोटो काढला होता, कारण काळोखातली नवरी नंतर उजळता येते, पण पांढरा झालेला पडदा काही केल्या परत येत नाही. पहिल्या दोन फोटोंत पडद्यावर फिरणारं वर्तुळ होतं. पुढच्यात मामा खाली बघत होते. त्यानंतरच्या एका फोटोत मामांचा हात वर गेलेला, अक्षता सुटलेल्या आणि नवरी मान किंचित वळवून कानानं त्यांचा आवाज शोधते आहे, असं सगळं एकत्र मिळालं. मावसभावाचा चेहरा कडेला अर्धा कापला गेला होता आणि ट्यूबलाइटमुळे सगळं हिरवट दिसत होतं. म्हणूनच घरच्यांनी तो अल्बमला निवडला नव्हता. मी रंग नीट केला, नवरीची बाजू थोडी उजळली आणि मावसभावाचा अर्धा चेहरा तसाच ठेवला. तो कापला असता तर फोन हवेत तरंगतोय असं वाटलं असतं. फोन धरणारा माणूस तिथं दिसायलाच हवा.

हा फोटो तयार झाल्यावर तो लगेच पाठवण्याजोगा होत नाही. मामांचं काय? २०२१ च्या मे महिन्यानंतर किती घरांत काय झालं हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. फोटोतला माणूस आज आहे की नाही हे माहीत नसताना 'मामांची आठवण आहे ना?' असं लिहून पाठवणं म्हणजे सणाच्या दिवशी घाव घालणं. म्हणून प्रत्येक फोटोसाठी मी आधी त्या घरातल्या एखाद्या माणसाला फोन करते, शक्यतो ज्यानं माझ्याशी लग्नाचा व्यवहार केला होता त्याला. बहुतेक वेळा तो मुलीचा भाऊ किंवा काका असतो. विचारायचं सरळ, 'दादा, घरी सगळे बरे आहेत ना? दिवाळी आहे ना यंदा?' या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर खूप सांगून जातं. ज्या घरात वर्षाच्या आत कोणी गेलं असेल तिथे सण करत नाहीत, आणि समोरचा 'यंदा नाही हो, बाबा गेले' असं आपणहून सांगतो. मामांच्या बाबतीत नवरीचा भाऊ म्हणाला, 'मामा अगदी ठणठणीत, भाऊबिजेला इकडेच येतायत.' तेव्हा कुठे मी मजकूर लिहायला घेतला.

मजकूर असा गेला:

'ताई, दादा, पाडव्याच्या शुभेच्छा. तुमच्या लग्नात शेवटच्या मंगलाष्टकाआधी पुण्याचा फोन तुटला होता. भटजींनी सूर धरून ठेवला आणि मामा परत दिसल्यावरच अक्षता पडल्या. हा फोटो त्याच वेळचा आहे. अल्बममध्ये नाही, म्हणून पाठवते. मामांनाही दाखवा.'

मजकुरात मी 'तो अविस्मरणीय क्षण', 'मंगल सोहळा', 'आपल्या सहजीवनाची वाटचाल' असले शब्द ठेवत नाही. ते कोणत्याही लग्नाला लागू होतात आणि वाचणाऱ्याला लगेच कळतं की हा मजकूर सगळ्यांना गेला आहे. जे फक्त त्या लग्नात घडलं तेवढंच लिहायचं. वहीत तसं काही सापडलंच नाही, तर त्या वर्षी त्या घरी मी नुसता फोन करते. ओढूनताणून आठवण तयार करत नाही.

ज्या घरात दुःख आहे तिथलं काम वेगळं असतं, आणि मला ते शुभेच्छांपेक्षाही महत्त्वाचं वाटतं. वडील किंवा आजी गेल्यावर भिंतीवर लावायला घरात नीट फोटो नसतो. शेवटचा चांगला फोटो बहुतेक वेळा मुलाच्या किंवा नातीच्या लग्नातलाच असतो, तोही स्टेजवरच्या पंधरा माणसांच्या गर्दीतला. चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातला अख्खा फोटो सहा हजार बिंदू रुंद असतो, पण त्या गर्दीतल्या एका माणसाच्या डोक्यापासून छातीपर्यंतच्या वाट्याला पाच-सहाशे बिंदूच येतात. आठ बाय दहा इंचाच्या फ्रेमला स्पष्ट प्रिंट हवी तर रुंदीला चोवीसशेच्या आसपास बिंदू लागतात. गर्दीतून कापलेला चेहरा मोठा केला की तो धुरकट होतो, आणि घरचे तोच धुरकट चेहरा पुढे कायम बघत राहतात. म्हणून मी प्रत्येक लग्नात आजी-आजोबांचे आणि दोन्हीकडच्या आईवडिलांचे एकेकटे, जवळून, खिडकीच्या उजेडात फोटो काढून ठेवते. कोणी सांगितलेलं नसतं, अल्बमला ते कोणी निवडत नाही. अश्विनातल्या फोनवर कोणी गेल्याचं कळलं की तो फोटो शोधते, प्रिंट काढते आणि दिवाळी उलटल्यावर स्वतः नेऊन देते. त्याचे पैसे घेत नाही. त्या घरी पाडव्याला काहीही पाठवायचं नाही, 'शुभ' हा शब्दही नाही.

काही जोडपी वेगळी झालेली असतात. डीपीवरून अंदाज बांधू नये. डीपीत एकटी बाई दिसली म्हणजे काही झालंय असं नसतं, आणि दोघांचा जुना फोटो दिसतो म्हणजे सगळं ठीक आहे असंही नसतं. फोनवर भाऊ जरा अडखळला, विषय बदलला, 'बघू, सांगतो तिला' म्हणाला, की मी यादीतलं नाव खोडते आणि कारण विचारत नाही. आमच्या ओळखीतल्या एका फोटोग्राफरनं सगळ्यांना एकदम लग्नाच्या वाढदिवसाचे फोटो पाठवले होते. त्यातला एक कोर्टात तारखा चालू असलेल्या मुलीला गेला. तिच्या आईनं फोन करून जे सुनावलं ते त्यानंच मला सांगितलं, आणि त्या माउलीचं चुकलं नव्हतं.

पाठवण्याआधी नंबर तपासणं हे शेवटचं काम. लग्नानंतर मुली नंबर बदलतात, कंपनीनं दिलेला फोन परत जातो. बंद झालेला नंबर मोबाइल कंपनी नव्वद दिवसांनंतर दुसऱ्या कोणाला देऊ शकते, म्हणजे दोन वर्षांपूर्वीचा नंबर आज कोण्या परक्या माणसाकडे असू शकतो. कोणाच्या लग्नाचा फोटो त्याच्या हातात पडणं मला चालणार नाही. म्हणून आधी नुसतं 'नमस्कार ताई, मी तुमच्या लग्नाची फोटोग्राफर' एवढंच पाठवते. उत्तर आलं की मग पाडव्याला फोटो.

ब्रॉडकास्ट लिस्ट वापरून बघा, असं मला बरेच जण सुचवतात. त्या यादीत जास्तीत जास्त २५६ नंबर बसतात आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच संदेश पोचतो. चार वर्षांपूर्वीच्या फोटोग्राफरचा नंबर कोण ठेवतं? आणि प्रत्येकाचा फोटो निराळा असताना यादीचा उपयोगही नाही. मी एकेकाला पाठवते. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो, बारकावे जातात. म्हणून तो आधी साधा पाठवते, म्हणजे लगेच डोळ्यांसमोर दिसतो, आणि त्यामागे तीच फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवते. कोणाला प्रिंट काढायची असेल तर ती दुसरी उपयोगी पडते. वेळ पाडव्याच्या दुपारची, जेवणं झाल्यानंतरची. सकाळी अभ्यंगस्नान, ओवाळणं, पाहुणे यांत फोन कोणी हातात घेत नाही आणि घेऊही नये.

यातला एकही फोटो मी माझ्या स्टेटसला किंवा स्टुडिओच्या पानावर टाकत नाही. पैसे घेऊन, कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा मालकी हक्क, वेगळा करार नसेल तर, फोटो काढून घेणाऱ्याचा असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या सतराव्या कलमात हे स्पष्ट लिहिलं आहे. आमच्यातल्या अनेकांना वाटतं की कॅमेरा आपला म्हणजे फोटो आपला, पण तसं नाही. कायदा बाजूला ठेवला तरी, ताईंना एकट्यांना पाठवलेली आठवण दुसऱ्या दिवशी माझी जाहिरात झालेली त्यांना दिसली, तर पुढच्या वर्षी त्या माझा फोन कशाला उचलतील?

उत्तरं भाऊबिजेपर्यंत येत राहतात. कोणी नुसते हात जोडतात. कोणी लिहितं की हे आम्हाला माहीतच नव्हतं. लाडवाच्या फोटोवर नवरीनं उत्तर दिलं होतं, 'आई उपाशी होती? मला कोणीच बोललं नाही.' काही जण अल्बम परत काढून त्यात तो फोटो शोधतात आणि तो नाही म्हणून विचारतात. काम मागायला मी हे करत नाही, पण एखाद्या घरातून बारशाचं किंवा धाकट्या दिराच्या लग्नाचं बोलावणं येतं, आणि ते मी आनंदानं घेते.

मामांच्या फोटोला त्या दिवशी उत्तर आलं नाही. भाऊबिजेला संध्याकाळी मामांचाच फोन आला. म्हणाले, 'मी तुम्हाला कधी बघितलं नाही, पण तुम्ही मला बघितलंय.' त्यांना त्याची मोठी प्रिंट हवी होती. मी बारा बाय अठराची सुचवली, त्याहून मोठी केली तर फोनच्या पडद्यावरचा त्यांचा चेहरा फुटला असता, आणि मॅट कागद घ्या म्हटलं, कारण चकचकीत कागदावर समोरच्या खिडकीचा उजेड पडतो. त्यांनी दोन मागवल्या, एक स्वतःला आणि एक भटजींना.